अर्धी यंत्रे म्हणजे अर्धी वीज नव्हे

"आकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आहेत, बेरीज शंभर होते, स्तंभ मोजून काढले आहेत. मग दिशाभूल कुठे आहे ते दाखवा." आलेखावर आक्षेप घेतला की वृत्तपत्राच्या कचेरीतून हे उत्तर हमखास येते. उत्तर जोरकस आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा असू शकतो. तरीही ते उत्तर चुकीचे आहे असे मला म्हणायचे आहे, आणि त्यासाठी मी मुद्दाम असेच उदाहरण घेतो ज्यात एकही आकडा खोटा नाही.

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की देशाच्या विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्म्याहून अधिक क्षमता आता कोळसा, वायू, डिझेल यांखेरीज इतर स्रोतांची आहे. पॅरिस करारानुसार हे उद्दिष्ट 2030 पर्यंत गाठायचे होते, ते पाच वर्षे आधी गाठले गेले. जून 2025 अखेरचे आकडे असे: एकूण क्षमता 484.82 गिगावॅट, त्यात औष्णिक 242.04, मोठे जलविद्युत 49.38, अणुऊर्जा 8.78 आणि सौर, पवन वगैरे मिळून 184.62. एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट. या आकड्यांचा आलेख काढायचा तर हात आपोआप एकाच नमुन्याकडे जातो: शेजारी शेजारी दोन सारख्या उंचीचे स्तंभ, एक दहा वर्षांपूर्वीचा, एक आजचा, प्रत्येकात रंगांचे थर. शाळेच्या गणितात आपण ज्याला शतमान स्तंभालेख म्हणतो तो हाच. तळाला औष्णिकाचा राखाडी थर, वर अणू, त्यावर जलविद्युत, माथ्यावर सौर-पवनाचा हिरवा. वर मथळा: देशाची निम्मी वीज आता हरित.

आलेख काय दाखवतो ते आधी नीट पाहू. तो फक्त एका गोष्टीचे उत्तर देतो: त्या दिवशी देशात जेवढी वीजनिर्मितीची यंत्रे उभी होती, त्यांच्या एकत्रित ताकदीत कोणाचा वाटा किती. मार्च 2015 अखेर औष्णिकाचा वाटा 69.5 टक्के होता, जून 2025 मध्ये तो 49.9 टक्के झाला. उद्दिष्टच वाट्याच्या भाषेत लिहिलेले असल्यामुळे ते गाठले की नाही हे तपासायला शतमान आलेख अगदी योग्य आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. भांडण पुढे सुरू होते, कारण वाचक त्या चित्रातून तेवढेच उत्तर घेऊन उठत नाही.

कागद-पट्टी घ्या आणि दोन्ही स्तंभ दहा सेंटिमीटर उंचीचे काढा. डावीकडच्या स्तंभात राखाडी थर जवळजवळ सात सेंटिमीटर भरतो, उजवीकडे पाच. डोळ्याला दिसते ते एवढेच की राखाडी दोन सेंटिमीटर खाली उतरला, म्हणजे कोळसा कमी झाला. आता तेच आकडे शतमान न करता आहेत तसे मांडा. मार्च 2015 ची एकूण क्षमता 271.72 गिगावॅट होती. तिच्यासाठी दहा सेंटिमीटर उंची धरली, तर जून 2025 चा स्तंभ जवळजवळ अठरा सेंटिमीटर उंच काढावा लागतो. त्यात राखाडी थर किती? 2015 मध्ये औष्णिक क्षमता 188.9 गिगावॅट होती, म्हणजे तेच सात सेंटिमीटर. 2025 मध्ये 242 गिगावॅट, म्हणजे जवळजवळ नऊ. एका चित्रात राखाडी थर दोन सेंटिमीटरने आक्रसला, दुसऱ्यात दोन सेंटिमीटरने वाढला. आकडे दोन्हीकडे तेच आहेत, प्राधिकरणही तेच आहे.

यावर ठरलेला प्रतिवाद असा की दोन्ही खरे आहे, वाटा घटला आणि क्षमता वाढली, यात विरोध कुठला? विरोध नाहीच. पण बातमी वाचणारा माणूस कशासाठी वाचतो याचा विचार करा. हवेत धूर वाट्याने जात नाही. चिमणीखाली जळणारा कोळसा टनात मोजला जातो. 53 गिगावॅट औष्णिक यंत्रे दहा वर्षांत भरीला आली, म्हणजे चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्रासारखी अठरा केंद्रे. ज्या चित्रात ही अठरा केंद्रे नुसती अदृश्यच होत नाहीत तर उणे होऊन दिसतात, ते चित्र 'देश कोळशापासून दूर चालला' या मजकुराशेजारी छापणे हे निष्पाप काम नाही. शतमान आलेख काढणाऱ्याने दोन्ही स्तंभांची उंची सारखी करताना एक माहिती फेकून दिलेली असते: एकूण किती वाढले. ती माहिती स्तंभाच्या डोक्यावर एका ओळीत लिहिता येते, '272 गिगावॅट' आणि '485 गिगावॅट'. बहुतेक वेळा तेवढेही लिहिलेले नसते.

जलविद्युताचे तर याहून वाईट होते. शतमान आलेखात त्याचा थर दीड सेंटिमीटरवरून एक सेंटिमीटरवर येतो, जणू धरणांवरची वीजकेंद्रे बंद पडली. प्रत्यक्षात ती 41.3 वरून 49.4 गिगावॅटवर गेली. बरे, हे टाळण्यासाठी साधा विभाजित स्तंभालेख काढला, तर दुसरी अडचण समोर येते. जलविद्युताचा थर हवेत लटकलेला असतो. 2015 च्या स्तंभात तो सव्वासात सेंटिमीटरवर सुरू होतो, 2025 मध्ये सव्वानऊवर. तळ वेगळा, माथा वेगळा, आणि आपण डोळ्याला सांगतो की या दोन तरंगत्या विटांची जाडी ताडून बघ. डोळ्याला ते जमत नाही. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन अमेरिकी संशोधकांनी 1984 मध्ये लोकांना असेच आलेख दाखवून अंदाज करायला लावले. एकाच तळरेषेवर उभ्या असलेल्या स्तंभांची तुलना लोक बऱ्यापैकी अचूक करतात, आणि थरांच्या मधल्या तुकड्यांची लांबी ताडताना जास्त चुकतात, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे विभाजित स्तंभात दोनच गोष्टी भरवशाने वाचता येतात: तळाचा थर आणि एकूण उंची. मधले सारे अंदाजपंचे. त्यामुळे तळाला कोण ठेवायचा हा निर्णय साधा नसतो. तळाला राखाडी ठेवलात तर कोळशाची चाल स्पष्ट दिसते, हिरवा ठेवलात तर सौर-पवनाची. कोणाला तळाला बसवायचे हे संपादक ठरवतो, संगणक नाही.

"वाचकाने अक्ष वाचावा, टीप वाचावी" असे सांगणाऱ्यांना माझे उत्तर इथेच आहे. टीप वाचून मधल्या थराचा तळ सरळ होत नाही.

आणि थरांच्या सीमा तरी कोणी आखल्या? या हिशेबात 25 मेगावॅटपर्यंतचे छोटे जलविद्युत प्रकल्प सौर-पवनाच्या गठ्ठ्यात जातात आणि मोठी धरणे वेगळी पडतात. त्यामुळे हिरवा थर 38 टक्के भरतो. मोठी धरणे त्यात घातली की नवीकरणीय ऊर्जा 48 टक्क्यांवर जाते. निम्म्याची रेषा ओलांडायला अणुऊर्जाही मोजावी लागते. उद्दिष्ट 'बिगर-जीवाश्म' असे असल्यामुळे अणूला मोजणे नियमाला धरूनच आहे. पण बातमीच्या मथळ्यात 'नवीकरणीय' किंवा 'हरित' शब्द आला आणि खाली 50 टक्क्यांचा हिरवा रंग दिसला, की अणुभट्टीला कोणी न सांगता वाऱ्याच्या पंक्तीला बसवलेले असते. तीन वेगळ्या व्याख्या, तीन वेगळे आकडे, चित्रात रंग मात्र एकच.

हे सगळे झाले तरी ते किरकोळ म्हणून सोडता येईल. खरी गफलत मथळ्यातल्या 'वीज' या शब्दात आहे. आलेख विजेचा नाही, यंत्रांच्या क्षमतेचा आहे. एसटीच्या आगारात किती गाड्या उभ्या आहेत यावरून त्या वर्षभरात किती किलोमीटर धावल्या हे कळत नाही, तसेच हे. मेगावॅट म्हणजे यंत्र पूर्ण ताकदीने चालले तर एका क्षणी किती देईल. घरच्या बिलावर येते ते युनिट, म्हणजे ते यंत्र किती तास किती ताकदीने चालले याचा हिशेब. वर्षात 8760 तास असतात. सौर पटल रात्री काहीच देत नाही. साताऱ्याच्या पठारावरची आणि धुळ्याकडची पवनचक्की पावसाळ्यात जोरात फिरते, हिवाळ्यात मंदावते. औष्णिक संच दुरुस्तीला बंद होतो, मागणी नसली तर कमी चालवला जातो, तरी रात्री चालतो. आपल्या कोयनेची क्षमता 1960 मेगावॅट आहे, पण कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायचे पाणी वर्षाला 67.5 अब्ज घनफुटांवर बांधून दिले आहे. यंत्रे बारा महिने चालवायला पाणीच नाही, म्हणून ती मागणीच्या ऐन वेळेसाठी राखून चालवतात. क्षमतेच्या आलेखात मात्र कोयनेचा एक मेगावॅट आणि चंद्रपूरचा एक मेगावॅट सारख्याच जाडीचे असतात.

याचा परिणाम किती होतो ते एका पूर्ण वर्षावर तपासू. मार्च 2024 अखेर देशाची क्षमता 442 गिगावॅट होती. तीत औष्णिकाचा वाटा 55 टक्के, सौर-पवन वगैरेंचा साडेबत्तीस टक्के. त्याच 2023-24 या वर्षात प्रत्यक्ष निर्माण झालेली वीज, भूतानकडून घेतलेली थोडीशी धरून, 1739 अब्ज युनिट. त्यात औष्णिक 1327 अब्ज, म्हणजे 76 टक्के. सौर-पवन वगैरे 226 अब्ज, म्हणजे 13 टक्के. दहा सेंटिमीटरच्या स्तंभात बोलायचे तर क्षमतेच्या चित्रात साडेपाच सेंटिमीटर असलेला राखाडी थर विजेच्या चित्रात साडेसात सेंटिमीटरच्या पुढे जातो, आणि सव्वातीन सेंटिमीटरचा हिरवा थर सव्वावर येतो. अणुऊर्जेचे उलटे होते. क्षमतेत तिचा वाटा दोन टक्क्यांच्या आत, विजेत पावणेतीन टक्के, कारण अणुभट्टी एकदा सुरू झाली की महिनोन्महिने चालत राहते. वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची क्षमता यांची सरासरी धरून भागाकार केला तर हिशेब साधारण असा बसतो: एका गिगावॅटमागे सौर-पवन गटाने सुमारे 1700 तासांएवढे पूर्ण काम दिले, औष्णिकाने साडेपाच हजार तासांएवढे. हिरव्या थराचा एक मेगावॅट राखाडी थराच्या एका मेगावॅटच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वीज देतो. दोघांना एकाच स्तंभात एकावर एक रचले की ही तफावत झाकली जाते, कारण स्तंभाचा नियमच असा आहे की समान उंची म्हणजे समान माल.

आता नऊ वर्षांच्या प्रवासाकडे या. 2014-15 मध्ये निर्माण झालेल्या विजेत औष्णिकाचा वाटा 79 टक्के होता. 2023-24 मध्ये 76. त्याच काळात क्षमतेतला त्याचा वाटा साडेएकोणसत्तरवरून पंचावन्नवर घसरला. एका आलेखात साडेचौदा टक्क्यांची दमदार उतरण, दुसऱ्यात जेमतेम तीन टक्क्यांची. वाढीव विजेचे काय झाले? नऊ वर्षांत वार्षिक निर्मिती सुमारे 629 अब्ज युनिटांनी वाढली. त्यातले 448 अब्ज औष्णिकाने दिले, 164 अब्ज सौर-पवन गटाने. म्हणजे देशाची वाढलेली भूक जिने भागवली ती वीज दर शंभर युनिटांत सत्तरहून अधिक कोळशाचीच होती. 'निम्मी वीज हरित' म्हणणाऱ्या मथळ्याला हे वाक्य समोर ठेवून विचारा, तो अजून उभा राहतो का.

इथे दुसऱ्या बाजूच्या मंडळींनी टाळ्या वाजवू नयेत. त्यांचा आवडता दावा असा की सगळा हरित गाजावाजा ही धूळफेक आहे, सौर ऊर्जेचा काही उपयोग नाही, हे पाहा 13 टक्के. तोही आलेखाचा तितकाच वाईट वाचक. 2014-15 मध्ये सौर-पवन गटाची निर्मिती 62 अब्ज युनिट होती, ती 226 अब्ज झाली. साडेतीन पटींहून अधिक. एकूण विजेतला वाटा साडेपाचवरून तेरा टक्क्यांवर आला. सौर यंत्र कमी तास चालते हा त्याचा दोष म्हणून सांगणेही फसवे आहे. त्याला इंधन लागत नाही, आणि रात्री बंद राहणार हे गृहीत धरूनच त्याची किंमत व दर ठरलेले असतात. क्षमतेचा आलेख दाखवून वीज म्हणणारा आणि निर्मितीच्या एका वर्षाचा आलेख दाखवून वाढ लपवणारा, दोघे एकाच शाळेतले.

निर्मितीचा स्तंभ तरी शेवटचा शब्द आहे का? नाही. तो वर्षभराची बेरीज करतो आणि दुपारचे युनिट रात्रीच्या युनिटावर रचतो. 30 मे 2024 रोजी देशाची मागणी सुमारे 250 गिगावॅटच्या उच्चांकावर गेली. तेव्हा देशाची क्षमता 442 गिगावॅटहून अधिक होती, तरी अशा दिवसांत यंत्रणेची दमछाक होते, कारण सूर्य मावळल्यावर त्या क्षमतेतली 80 गिगावॅटहून अधिक सौर यंत्रे शून्यावर येतात. दिवेलागणीला कोण वीज देतो हे कळायला तासातासाचा आलेख लागतो. थोडक्यात, प्रश्न बदलला की आलेख बदलतो. उद्दिष्ट गाठले का, असे विचाराल तर क्षमतेचा वाटा. धूर किती, असे विचाराल तर औष्णिक युनिट, वाट्यात नव्हे, अब्जांत. भारनियमन होईल का, असे विचाराल तर संध्याकाळचे तास. एका प्रश्नाचा आलेख दुसऱ्या प्रश्नाच्या मथळ्याखाली छापणे ही चूक आहे, आणि आकडे अचूक आहेत हा तिच्यावरचा बचाव नाही.

शेवटचा बचाव व्यवहाराचा असतो: जागा कमी, वेळ कमी, वाचकाला गुंतागुंत नको. मी सुचवतो त्याला जास्त जागा लागत नाही. दोन स्तंभ छापायचेच आहेत ना, मग 2015 आणि 2025 ऐवजी एकाच वर्षाचे दोन छापा, डावीकडे क्षमता, उजवीकडे त्या वर्षी झालेली वीज. तेवढ्याच दोन स्तंभांत वाचकाला क्षमता आणि वीज यांतली तफावत कळेल. काळाची चाल दाखवायची असेल तर थर रचू नका. औष्णिक, जल, अणू, सौर-पवन असे चार छोटे आलेख काढा, प्रत्येकाचा तळ शून्यावर, चारही एकाच मापाचे. रंगीत विटांच्या भिंतीपेक्षा ते दिसायला साधे असतात, हे मान्य. थर रचायचेच असतील तर ज्या स्रोताबद्दल बातमी बोलते तो तळाला ठेवा आणि स्तंभांच्या डोक्यावर एकूण आकडा लिहा. आणि आलेख मेगावॅटचा असेल तर मथळ्यात 'वीज' लिहू नका, 'क्षमता' लिहा. दोन शब्दांत अक्षरांचा फरक फार नाही.

वाचकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी हाती आली की स्तंभाखाली मेगावॅट आहे की युनिट ते आधी शोधा. दोन्ही स्तंभ सारख्या उंचीचे असतील तर एकूण किती वाढले ते विचारा. उत्तर छापलेले नसेल तर संपादकाला पत्र लिहा, आणि त्याने 'आकडे खरे आहेत' असे कळवले तर तो आलेखाबद्दल बोलत नाही असे समजा.